भाव आणि उलाढाल – लेखांक ८ : पट्टा मोडला, की मोडल्यासारखा दिसला?

मागच्या आठवड्यात आपण आलेखावर पट्टा आखायला शिकलो. लांबलेल्या घसरणीत एक दिवस घबराटीची प्रचंड विक्री होते, तिथे भाव थांबतो आणि उसळतो. तो तळ आणि त्या उसळीचं टोक या पट्ट्याच्या दोन रेषा. पुढचे काही महिने भाव या दोहोंमध्ये वर-खाली करत राहतो आणि बहुतेकांना कंटाळा आणतो. या काळात आत माल गोळा होतोय की खपवला जातोय, हे मधल्या हालचालींवरून फारसं कळत नाही. ते कळतं कडांवर, आणि तेसुद्धा कड ओलांडली गेल्यावर.

हे प्रथम नीट मांडलं रिचर्ड वायकॉफ याने. पंधराव्या वर्षी वॉल स्ट्रीटवर निरोप्या म्हणून लागलेला हा माणूस पुढे दलाल झाला, संपादक झाला, आणि १९३१ मध्ये त्याने आपली पद्धत अभ्यासक्रमाच्या रूपात लिहून काढली. त्याच्या काळात धनवान मंडळी एकत्र येऊन पैसा जमवत आणि एखाद्या निष्णात ऑपरेटरच्या हाती शेअर खेळवायला देत. १९३४ च्या कायद्याने असे खेळ बेकायदा ठरवले, आणि त्याच वर्षी वायकॉफ वारला. बाजारात जणू एकच चतुर माणूस सगळे व्यवहार करतोय असं समजून आलेख वाचा, असं तो सांगे. ही युक्ती आहे, वस्तुस्थितीचं वर्णन नाही. आज पाचशे कंपन्यांचा निर्देशांक कुणी एकटा खेळवू शकत नाही. पण त्या काळी ऑपरेटरला जी अडचण होती ती आजच्या मोठ्या फंडालाही आहे.

अडचण अशी: ज्याला लाखो शेअर घ्यायचेत त्याला लाखो शेअर विकणारे लागतात. त्याने घाईने खरेदी केली तर भाव त्याच्याच खरेदीमुळे चढतो. म्हणून तो पट्ट्याच्या खालच्या भागात हळूहळू उचलतो आणि भाव वर गेला की हात आखडता घेतो. आता पट्ट्याच्या खालच्या रेषेखाली काय असतं ते पाहा. ज्यांनी ‘आधार पातळी’ म्हणून तिथे खरेदी केली त्यांचे स्टॉपलॉस त्या रेषेच्या किंचित खाली लावलेले असतात. रेषा तुटली की शॉर्ट करू, म्हणून टपून बसलेल्या मंदीवाल्यांच्या ऑर्डरीही तिथेच असतात. म्हणजे रेषा तुटताच दोन्ही बाजूंनी विक्रीच बाजारात येते. मोठ्या खरेदीदाराला एरवी आठवडे घालवून मिळाला असता तेवढा माल इथे काही तासांत मिळतो.

एवढी विक्री येऊनही भाव खाली सरकत नसेल, उलट पट्ट्यात परतत असेल, तर ती कुणीतरी पचवली आहे. याला स्प्रिंग म्हणतात. वरच्या कडेला याचंच उलटं रूप दिसतं. नवा उच्चांक पाहून खरेदी येते, मंदीवाल्यांचे स्टॉपलॉस उडतात म्हणून आणखी खरेदी होते, त्या खरेदीत मोठा विक्रेता आपला माल उतरवतो आणि भाव पुन्हा पट्ट्यात घसरतो. हा अपथ्रस्ट. कुणी मुद्दाम घडवून आणलं की आपोआप घडलं, याला वाचणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्व नाही. माझ्या मते या वादात निम्मी पुस्तकं वाया गेली आहेत.

आता अमेरिकेच्या एस अँड पी ५०० या निर्देशांकाचं उदाहरण घेऊ, कारण एकाच आलेखावर पाच वर्षांच्या अंतराने दोन्ही घटना सापडतात.

मार्च २००० पासून बाजार पडत होता. जुलै २००२ मध्ये वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि २४ जुलैला निर्देशांक ७७५.६८ पर्यंत आपटला. त्या दिवशी न्यूयॉर्क शेअर बाजारात सुमारे २८० कोटी शेअरची उलाढाल झाली, तोवरचा तो विक्रम होता. पण निर्देशांक बंद झाला ८४३ वर, म्हणजे आदल्या दिवशीपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक वर. हा घबराटीचा तळ. तिथून उसळी ऑगस्टमध्ये ९६५ च्या आसपास थांबली आणि पट्टा तयार झाला : खाली ७७५, वर ९६५.

सप्टेंबरभर भाव पुन्हा ओघळला. १० ऑक्टोबरला निर्देशांकाने जुलैचा तळ तोडून ७६८.६३ गाठला. आधार गेला, असं त्या सकाळी म्हणणाऱ्यांना दोष देता येणार नाही. पण तीन गोष्टी पाहा. तळ तुटला तो सात अंकांनी, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. त्याच दिवशी निर्देशांक ८०३.९२ वर, पट्ट्याच्या आत बंद झाला. आणि उलाढाल होती दोनशे कोटींच्या आसपास. बरीच होती, पण जुलैपेक्षा स्पष्टपणे कमी. भाव नव्या तळावर, तरीही विकणारे जुलैइतके उरलेले नाहीत. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण पहिल्या दोन एखाद्या दिवसाच्या लहरीनेही घडू शकतात.

इथे बरेच जण लगेच खरेदी करतात. वायकॉफच्या पद्धतीत मात्र अजून एक पायरी आहे, ती म्हणजे चाचणी. भाव पुन्हा खाली येऊ द्यायचा आणि या वेळी विक्री किती येते ते बघायचं. २००२ मध्ये ही चाचणी लांबली. निर्देशांक डिसेंबरच्या सुरुवातीला ९५४ पर्यंत गेला, वरची कड ओलांडू शकला नाही, आणि इराक युद्धाच्या सावटाखाली पुन्हा घसरत १२ मार्च २००३ ला ७८८.९० वर आला. हा तळ ऑक्टोबरच्या वर होता आणि उलाढाल दीडशे कोटींच्या आसपास, जुलैच्या जवळपास निम्मीच. जग युद्धाच्या उंबरठ्यावर असतानाही विकायला माणसं उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी निर्देशांक ८३२ च्या जवळ बंद झाला. समजा एखाद्याने तिथे खरेदी केली आणि स्टॉपलॉस ऑक्टोबरच्या तळाखाली, ७६५ वर ठेवला. धोका ६७ अंकांचा. वरची कड ९६५, म्हणजे निव्वळ पट्ट्याच्या आतला संभाव्य फायदा १३३ अंकांचा, धोक्याच्या जवळपास दुप्पट. जूनमध्ये निर्देशांकाने ती कड ओलांडली.

पुढच्या चार वर्षांत तो मार्चच्या तळाच्या जवळपास दुप्पट झाला. १६ जुलै २००७ ला त्याने १५५५.९० चा उच्चांक केला. मग गृहकर्जांच्या रोख्यांमधली सडलेली कर्जं उघडी पडू लागली आणि १६ ऑगस्टला तो १३७०.६० पर्यंत पडला. हा दुसरा पट्टा. १८ सप्टेंबरला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर अर्ध्या टक्क्याने कापला, उत्साह परतला, आणि ११ ऑक्टोबरला निर्देशांक १५७६.०९ वर पोचला. नवा सार्वकालिक उच्चांक. त्याच दिवशी तो १५५४.४१ वर, जुलैच्या उच्चांकाच्या किंचित खाली बंद झाला. कड ओलांडली ती एक-सव्वा टक्क्याने, आणि भाव तिच्या वर टिकला जेमतेम आठवडाभर. (आधीची स्प्रिंग १० ऑक्टोबरची, हा अपथ्रस्ट ११ ऑक्टोबरचा. योगायोगच, त्यात ज्योतिष शोधू नये.)

चाचणी डिसेंबरमध्ये झाली. नोव्हेंबरच्या घसरणीनंतर निर्देशांक ११ डिसेंबरला १५२३ पर्यंत चढला, म्हणजे आधीच्या टोकापेक्षा खाली. त्या दुपारी व्याजदरात फक्त पाव टक्का कपात जाहीर झाली आणि तो १४७७ वर बंद झाला. बातमी निमित्त होती. महत्त्वाचं हे की भावाला वरच्या कडेपर्यंत नेण्याइतके खरेदीदारच उरले नव्हते.

आता या पद्धतीची कसोटी पाहणारा भाग. जानेवारी २००८ च्या मध्यात ऑगस्टचा १३७० चा तळ तुटला. महिनाअखेर निर्देशांक पुन्हा त्या रेषेच्या वर आला आणि १ फेब्रुवारीला १३९५ वर बंद झाला. स्प्रिंग! असं तेव्हा म्हणणारे खूप होते, आणि वरवर पाहता आकृती तशीच होती. पण २००२ शी ताडून पाहा. तळ तुटला तो सात अंकांनी नाही, शंभर अंकांनी, म्हणजे सात टक्क्यांहून अधिक. परत यायला काही तास नाही, दोन आठवडे लागले. २२ जानेवारीला मध्यवर्ती बँकेने तातडीने पाऊण टक्का कपात केली, तरी त्या दिवशीची उलाढाल ऑगस्टच्या घबराटीच्या तोडीची होती. म्हणजे विक्री आटलेली नव्हती. चाचणीतही भाव नापास झाला. १७ मार्चला तो जानेवारीच्या तळाखाली, १२५६.९८ वर गेला.

तरीही तिथून निर्देशांक मे महिन्यात १४४० पर्यंत चढला, हे लपवण्यात अर्थ नाही. शॉर्ट करून बसलेल्यांना ते दोन महिने चांगलेच जड गेले असणार. पट्ट्यात माल उतरवला जातोय हे बरोबर वाचणं वेगळं, आणि घसरण कधी सुरू होईल हे ठरवणं वेगळं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या पद्धतीत नाही. खरी पडझड सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाल्यावर झाली आणि मार्च २००९ मध्ये निर्देशांक ६६६ पर्यंत आला.

आणखी एक मर्यादा. स्प्रिंगची व्याख्या भाव परत आल्यावरच पूर्ण होते. रेषा तुटत असताना ती स्प्रिंग आहे की खरी मोडतोड, हे त्या क्षणी सांगणारा माणूस अंदाज करतोय. म्हणूनच तळ तुटताना खरेदी करणारा आणि चाचणीनंतर खरेदी करणारा एकाच पद्धतीचं नाव घेत असले तरी दोन वेगळे धंदे करत असतात. पहिल्याला भाव स्वस्त मिळतो, पण तो पुष्कळदा चुकतो. चाचणी कधीकधी येतच नाही आणि दुसऱ्याची संधी हुकते. मला दुसऱ्याचं नुकसान परवडणारं वाटतं.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक सूचना. राष्ट्रीय शेअर बाजार प्रत्येक शेअरच्या उलाढालीबरोबर त्यातली डिलिव्हरी किती, हेही रोज जाहीर करतो. कडेवरच्या दिवशी उलाढाल फुगली पण डिलिव्हरीचं प्रमाण घसरलं असेल, तर तो बहुधा दिवसापुरता खेळ होता, माल घरी नेणारं कुणी फारसं नव्हतं. आणि जेमतेम व्यवहार होणाऱ्या छोट्या शेअरवर ही पद्धत लावूच नका. तिथे दोन-चार ऑर्डरीही रेषा तोडतात आणि परत आणतात.

पुढच्या आठवड्यापर्यंत तुमच्या ओळखीच्या एखाद्या मोठ्या शेअरचा किमान तीन महिन्यांचा पट्टा आखून ठेवा. त्याची कड जिथे जिथे ओलांडली गेली तिथे चार गोष्टी लिहा : किती टक्क्यांनी ओलांडली, किती दिवसांत भाव परत आला, घबराटीच्या दिवसाच्या तुलनेत उलाढाल किती होती, आणि चाचणीत तळ किंवा टोक कुठे आलं. पट्टा किती काळ चालला यावरून पुढची चाल किती लांबेल, हा वायकॉफचा दावा आपण त्याच आलेखावर तपासू.