वर्गांच्या बेरजेत हरवलेला उतार

निरीक्षणांचे ठिपके आलेखावर मांडले की ते बहुधा एका रेषेत असल्यासारखे दिसतात, पण काटेकोरपणे एकाच रेषेवर नसतात. त्यांच्यामधून नेमकी कोणती रेषा काढावी, याचे उत्तर फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांनी १८०५ मध्ये, धूमकेतूंच्या कक्षांवरील आपल्या पुस्तकाच्या परिशिष्टात छापले. प्रत्येक ठिपका रेषेपासून उभ्या दिशेने किती दूर आहे ते पाहावे, त्या अंतरांचे वर्ग करावेत आणि वर्गांची बेरीज जिच्यासाठी सर्वांत कमी येईल ती रेषा घ्यावी. हीच किमान वर्ग पद्धत. गाउस यांनी १८०९ मध्ये ती आपल्या ग्रंथात मांडली आणि आपण ती १७९५ पासूनच वापरत असल्याचा दावा केला. त्यावरून पुढे बराच वादही झाला.

रेषेचे समीकरण y = a + bx असे धरले, तर b हा तिचा उतार आणि a म्हणजे x शून्य असताना येणारी उंची. वर्गांची बेरीज किमान असण्याची अट घातली की दोन समीकरणे मिळतात:

na + bΣx = Σy
aΣx + bΣx² = Σxy

यांना प्रसामान्य समीकरणे म्हणतात. ती सोडवली की उताराचे सूत्र हाती येते:

b = (nΣxy − ΣxΣy) / (nΣx² − (Σx)²)

चार बेरजा केल्या की काम संपते, म्हणून कागद-पेन्सिलीच्या काळात हे सूत्र फार सोयीचे ठरले. बीजगणित म्हणून त्यात काहीही खोट नाही. अडचण येते ती आकडेमोड करणाऱ्या यंत्रापाशी, कारण यंत्र प्रत्येक संख्येचे ठरावीक अंकच जपून ठेवते आणि उरलेले सोडून देते.

एक छोटे उदाहरण घेऊ. समजा, एका विहिरीतले पाणी दर मे महिन्यात जमिनीपासून किती मीटर खोल आहे ते मोजले. २००१ ते २००५ या वर्षांची मापे अनुक्रमे १२, १४, १५, १७ आणि १९ आली. येथे x म्हणजे वर्ष आणि y म्हणजे खोली. वर्षांची बेरीज १०,०१५ येते आणि त्यांच्या वर्गांची बेरीज २,००,६०,०५५. सूत्राच्या छेदात पहिली संख्या १०,०३,००,२७५ आणि तिच्यातून वजा करायची संख्या १०,०३,००,२२५. दोघींमधला फरक फक्त ५०. अंश येतो ८५, म्हणून उतार १.७. विहिरीची पातळी दरवर्षी १.७ मीटरने खाली जात आहे.

आता हीच आकडेमोड सात सार्थ अंक जपणाऱ्या यंत्रावर करू. संगणकातल्या सिंगल प्रिसिजन संख्यांची कुवत साधारण एवढीच असते. अंशातल्या संख्या सहा अंकी आहेत, त्यामुळे तेथे काहीच हरवत नाही आणि अंश बरोबर ८५ येतो. वर्गांची बेरीज मात्र आठ अंकी आहे. शेवटचा अंक टिकत नाही आणि ती २,००,६०,०६० अशी साठवली जाते. तिची पाचपट १०,०३,००,३००. वजा करायची संख्या नऊ अंकी असल्याने ती १०,०३,००,२०० होते. फरक येतो १००. छेद दुप्पट झाला, उतार निम्म्यावर आला: ०.८५. मोजमापांत चूक नव्हती, वर्षे तर पूर्णांक होती, सूत्रही तेच होते. तरी पाणी निम्म्याच वेगाने उतरत असल्याचा निष्कर्ष निघाला.

येथे वजाबाकी उघडी पडते, पण खरी हानी तिच्या आधीच झालेली असते. वजाबाकी स्वतः अचूकच होते; तिने फक्त दोन्ही संख्यांचे सारखे असलेले पुढचे अंक खोडून मागचे अंक समोर आणले, आणि मागचे अंक आधीच बिघडलेले होते. माहिती गेली ती वर्गांची बेरीज साठवतानाच. म्हणून नंतर समीकरणे कितीही काळजीपूर्वक सोडवली तरी ती परत मिळत नाही.

याचे भौमितिक कारणही पाहण्यासारखे आहे. रेषा बसवताना दोन स्तंभ वापरात असतात: एक सगळ्या १ चा आणि दुसरा वर्षांचा. पाच मितींमधल्या दोन दिशा म्हणून त्यांच्याकडे पाहिले, तर त्यांच्यातला कोन एका अंशाचा जेमतेम पंचविसावा भाग भरतो. २००१ ते २००५ हे आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत. दिशा अशा चिकटलेल्या असल्या की लहानशी चूक किती पट फुगू शकते, हे कंडिशन नंबर सांगतो. दोन्ही स्तंभांची लांबी सारखी करून घेतली तर येथे तो सुमारे २,८०० येतो. म्हणजे सातपैकी तीन-साडेतीन अंक धोक्यात, तरी तीनेक अंक हाती राहतात. प्रसामान्य समीकरणे मांडताना मात्र त्याचा वर्ग होतो आणि तो ८० लाखांच्या आसपास जातो. सात अंक त्याला पुरत नाहीत. प्रश्न मुळात थोडा नाजूक होता. त्याला असाध्य केले ते पद्धतीने.

डबल प्रिसिजनमध्ये सुमारे १६ अंक मिळतात, म्हणून धोका टळला असे अनेकांना वाटते. पण संगणक वेळ मोजतो ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, आणि हा आकडा आज १७० कोटींच्या पुढे आहे. १७० कोटींच्या आसपास, सेकंदाला एक अशी पाच मापे घेतली तर छेद पुन्हा ५० च यायला हवा. परंतु छेदातल्या दोन्ही संख्या इतक्या प्रचंड होतात की तेथे डबल प्रिसिजनमध्ये शेजारशेजारच्या दोन संख्यांत ८,१९२ चे अंतर असते. छेद एकतर शून्य येईल, नाहीतर ८,१९२ च्या पटीत. ५० येणे शक्यच नाही.

अशी चूक ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे मूळ माप आणि रेषेवरचे माप यांतले फरक पाहणे. विहिरीच्या योग्य रेषेसाठी ते ०, ०.३, −०.४, −०.१ आणि ०.२ असे विखुरलेले आहेत. सरासरी बिंदूतून ०.८५ उताराची रेषा काढली तर ते −१.७, −०.५५, −०.४, ०.७५ आणि १.९ असे चढत जातात. योग्य रेषा बसल्यावर उरलेल्या फरकांत असा कल शिल्लक राहूच शकत नाही. राहिला असेल तर आकडेमोड फसली आहे. वर्गांची बेरीजही ०.३० वरून ७.५२५ वर गेली आहे. छेद ऋण आला तर संशयालाही जागा नाही, कारण खरा छेद कधीच ऋण नसतो.

सरळ रेषेपुरता उपाय अगदी सोपा आहे. प्रत्येक वर्षातून सरासरी, म्हणजे २००३, वजा करावी. x च्या जागी −२, −१, ०, १, २ येतात. त्यांची बेरीज शून्य, वर्गांची बेरीज १०, y शी गुणाकारांची बेरीज १७ आणि उतार १.७. दोन्ही दिशा आता एकमेकींना काटकोनात आहेत आणि प्रसामान्य समीकरणेही निर्धोक झाली आहेत. शिवाय सरासरी वर्षाची खोली १५.४ मीटर हा अर्थपूर्ण आकडा हाती येतो. मूळ मांडणीतला a होता −३३८९.७, म्हणजे इसवी सनाच्या शून्य वर्षातली खोली!

अनेक चलराशी असल्या किंवा वरच्या घाताच्या वक्ररेषा बसवायच्या असल्या, तर सरासरी वजा करणे पुरत नाही. तेथे वर्गांच्या बेरजा टाळून मूळ स्तंभांनाच परस्पर लंब दिशांत मांडणारी क्यूआर पद्धत वापरतात. मापांची संख्या मोठी असेल तर तिला जवळपास दुप्पट आकडेमोड लागते, पण कंडिशन नंबरचा वर्ग होत नाही. R मधले `lm` तीच वापरते आणि एक्सेलचे `LINEST` २००३ च्या आवृत्तीपासून तिच्याकडे वळले. तयार साधन न वापरता सूत्र स्वतः लिहिणाऱ्याने मात्र पहिली पायरी x मधून सरासरी वजा करण्याचीच ठेवावी.