खोल खोदाई आणि शेजारची भिंत

जुन्या भिंतीचा भार पायातून जमिनीत उतरताना सरळ खाली न जाता दोन्ही बाजूंना पसरतो. त्यामुळे पायालगतची मातीही त्या भिंतीचा आधार असते. भिंतीला खेटून तिच्या पायापेक्षा खोल खणले, की हा आधार सुटतो, माती खड्ड्याकडे सरकते आणि भिंत खचते. ढोबळ अंदाजासाठी जुन्या पायाच्या तळाच्या कडेपासून खड्ड्याकडे 45 अंशांनी उतरणारी रेघ कल्पावी. खोदाई तिच्या खाली जाणार असेल, तर आधी भिंतीची व्यवस्था करावी लागते.

समजा, विटांच्या भिंतीची लांबी 6 मीटर आहे, तिचा पाया 1.2 मीटर खोल आहे आणि लगतचा नवा पाया 2.4 मीटरवर जाणार आहे. जमीन घट्ट मुरमाची, कोरडी आहे. अशा वेळी आधी जुना पायाच खाली वाढवतात. याला अंडरपिनिंग म्हणतात. त्यासाठी लांबीचे 1.2 मीटरचे पाच गाळे पाडतात आणि ते 1, 4, 2, 5, 3 या क्रमाने एकेक करून उघडतात. त्यामुळे एका वेळी भिंतीचा पाचवा हिस्साच अधांतरी राहतो आणि त्याचा भार वरच्या वीटकामातून दोन्हीकडच्या भागांवर जातो. बाकी गाळ्यांसमोरची माती तशीच ठेवतात. उघडलेल्या चरालाही फळ्यांचा आधार देतात, कारण आत माणूस काम करत असतो.

गाळ्यात काँक्रीट जुन्या पायाच्या साधारण 75 मिलिमीटर खालपर्यंतच भरतात. काँक्रीट सुकताना आकसते. पायाला भिडवून भरले तरी बारीक फट पडते आणि भिंत तेवढी खाली बसते. म्हणून एक-दोन दिवसांनी या जागेत एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू असा कोरडसर मसाला ठोकून गच्च भरतात. मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. भार खाली पोचतो तो या थरातूनच. तो घट्ट झाल्याशिवाय पुढचा गाळा उघडू नये.

पाचही गाळे होऊन काँक्रीटला ताकद आली, की मुख्य खड्डा घेतात. मागच्या मातीचा आडवा दाब मात्र उरतोच. त्यासाठी आडवे टेकू लागतात.

काम सुरू होण्याआधी जुन्या भेगांचे तारखेसह फोटो घेतात आणि भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवतात. पट्टी तडकली, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली किंवा दार अडकू लागले, तर भिंत हलते आहे. मग खोदाई लगेच थांबवून तेवढा भाग मातीने पुन्हा भरावा.

सुट्या वाळूत किंवा पाणी लागणाऱ्या जमिनीत ही पद्धत चालत नाही. पंपाने पाणी उपसताना बारीक कणही वाहून जातात आणि पाया पोकळ होतो. तिथे खोदाईआधीच भिंतीलगत काँक्रीटच्या पाइलची रांग उतरवतात. पद्धत कोणतीही असो, आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावा लागतो. अंडरपिनिंग शेजाऱ्याच्या पायाखाली जात असल्याने त्याची लेखी संमतीही आधीच घ्यावी.