१८°५५′१९″ म्हणजे १८.५५१९ नव्हे! अंतर मोजण्याआधी अक्षांश-रेखांशांचं काय करायचं?

गेटवे ऑफ इंडिया ते पुण्याचा शनिवारवाडा, सरळ रेषेत किती किलोमीटर? रस्त्याने नाही, पक्षी उडत गेला तर. नकाशाच्या ॲपवर हे लगेच कळतं. पण कधी कधी आपल्याकडे ठिकाणांची अख्खी यादी असते: किल्ल्यांची, शाळांची, पाण्याच्या टँकरच्या फेऱ्यांची. तेव्हा अक्षांश-रेखांश एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये टाकून सूत्राने अंतर काढावं लागतं, आणि गडबड बहुतेक वेळा इथेच होते.

आधी आकडे पाहू. गेटवेचे अक्षांश-रेखांश साधारण असे आहेत: १८°५५′१९″ उत्तर, ७२°५०′०५″ पूर्व. शनिवारवाड्याचे १८°३१′०९″ उत्तर, ७३°५१′१९″ पूर्व. यातलं पहिलं चिन्ह अंशाचं, दुसरं मिनिटांचं, तिसरं सेकंदांचं. पंचांग बघणाऱ्या घरांत यांनाच अंश, कला आणि विकला म्हणतात.

आता शीटमध्ये ही चिन्हं चालत नाहीत, तिला साधी संख्या हवी असते. मग अनेक जण चिन्हं काढून टाकतात, अंशानंतर एक टिंब देतात आणि १८.५५१९ लिहून मोकळे होतात. दिसायला अगदी बरोबर. पण हा आकडा गेटवेचा नाही.

साडेपाच म्हणजे ५.३० की ५.५?

घड्याळात साडेपाच वाजले की आपण ५.३० लिहितो. पण कुणी साडेपाच तास काम केलं आणि ताशी १०० रुपये द्यायचे असतील, तर ५.३० ला १०० ने गुणून ५३० रुपये हातावर ठेवले तर तो भांडेल, आणि त्याचं भांडणं योग्य असेल. त्याचे ५५० रुपये होतात, कारण तीस मिनिटं म्हणजे अर्धा तास, म्हणजे ०.५. पंधरा मिनिटं म्हणजे पाव, ०.२५. पंचेचाळीस म्हणजे पाऊण, ०.७५.

अंशांचंही तंतोतंत हेच आहे. एका अंशात ६० मिनिटं आणि एका मिनिटात ६० सेकंद, म्हणजे एका अंशात ३,६०० सेकंद. शाळेच्या भूगोलातलं एक उदाहरण तुम्हाला आठवत असेल: भारताची प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते ते ८२°३०′ पूर्व. पुस्तकात तेच ८२.५° असंही छापलेलं असतं. ८२.३० कुणी छापत नाही.

म्हणून नियम एवढाच: मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३,६०० ने भागा आणि दोन्ही उत्तरं अंशांत मिळवा.

गेटवेचा अक्षांश करून पाहू. ५५ भागिले ६० म्हणजे ०.९१६६६७. १९ भागिले ३,६०० म्हणजे ०.००५२७८. ते १८ मध्ये मिळवले की येतात १८.९२१९४४. याच पद्धतीने रेखांश ७२.८३४७२२ होतो. शनिवारवाडा होतो १८.५१९१६७ आणि ७३.८५५२७८. शीटमध्ये हे काम एका ओळीचं आहे:

```
=18+55/60+19/3600
```

चूक झाली तर कळेल का?

खरी अडचण अशी की बहुतेकदा कळत नाही. दोन बिंदूंमधलं अंतर काढायला सहसा हॅवरसाइन नावाचं सूत्र वापरतात. A2 आणि B2 मध्ये पहिल्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, A3 आणि B3 मध्ये दुसऱ्याचे, असं ठेवलं तर ते असं लिहायचं:

```
=2*6371*ASIN(SQRT(SIN(RADIANS(A3-A2)/2)^2
+COS(RADIANS(A2))*COS(RADIANS(A3))
*SIN(RADIANS(B3-B2)/2)^2))
```

यातला 6371 हा पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येचा किलोमीटरमधला आकडा. बरोबर रूपांतर केलेले आकडे यात टाकले की उत्तर येतं सुमारे ११६.४ किमी.

आता टिंब देऊन बनवलेले चुकीचे आकडे टाका: गेटवेसाठी १८.५५१९ आणि ७२.५००५, शनिवारवाड्यासाठी १८.३१०९ आणि ७३.५११९. उत्तर येतं ११०.० किमी.

म्हणजे फरक सहा-साडेसहा किलोमीटरचा. मुंबई-पुणे ११० किमी म्हटलं तर कुणाची भुवई उंचावेल? सरळ रेषेतलं अंतर कुणाला पाठ नसतं. उत्तर पटण्यासारखं असल्यामुळे ते तसंच अहवालात जातं.

पण तेच चुकीचे आकडे नकाशावर टाकून बघा. ‘गेटवे’ आपल्या जागेपासून सुमारे ५४ किमी दूर, अरबी समुद्रात गेलेला दिसेल, साधारण रेवदंड्याच्या सरळ पश्चिमेला. ‘शनिवारवाडा’ पुण्यातून निघून ४३ किमी नैर्ऋत्येला, रायगड किल्ल्यापासून अकरा-बारा किमीवर सह्याद्रीच्या डोंगरांत गेलेला असेल. दोन्ही बिंदू जवळपास एकाच दिशेने सरकले, म्हणून त्यांच्यातलं अंतर फारसं बिघडलं नाही. हा निव्वळ योगायोग.

असा योगायोग प्रत्येक वेळी मदतीला येत नाही. १९° अक्षांशाची रेषा मुंबईत लोअर परळ आणि प्रभादेवी स्थानकांच्या दरम्यानून जाते. समजा या रेषेच्या दोन बाजूंना, एकाच रेखांशावर दोन ठिकाणं आहेत: एक १८°५९′५०″ वर, दुसरं १९°००′१०″ वर. त्यांच्यात फक्त २० सेकंदांचा फरक आहे, म्हणजे जमिनीवर सहाशे मीटरच्या आसपास. टिंबाची युक्ती केली तर ती होतात १८.५९५० आणि १९.००१०, आणि सूत्र सांगतं ४५ किमी! सात-आठ मिनिटं चालण्याचं अंतर मुंबईबाहेर जाऊन पोहोचलं.

यादी बघून चूक ओळखण्याची युक्ती

दुसऱ्या कुणी तयार केलेली यादी तुमच्या हाती आली, तर टिंबानंतरचे पहिले दोन अंक खालपर्यंत वाचत जा. मिनिटं कधीच ५९ च्या पुढे जात नाहीत. त्यामुळे नुसतं टिंब देऊन बनवलेल्या यादीत ते दोन अंक ०० ते ५९ मध्येच अडकतात. खऱ्या दशांश अंशांत ते ०० ते ९९ मध्ये कुठेही असू शकतात. राज्यभर विखुरलेली तीस-चाळीस ठिकाणं असूनही एकदाही ६० च्या वरचा आकडा दिसला नाही, तर यादी बिघडलेली आहे असं समजायला हरकत नाही. पाच-सहाच ठिकाणं असतील किंवा सगळी एकाच गावातली असतील, तर मात्र ही युक्ती पुरत नाही. तेव्हा दोन-तीन बिंदू नकाशावर टाकून बघणं हाच उपाय.

याच सूत्रात आणखी एक चूक होऊ शकते, पण ती बिचारी प्रामाणिक आहे. SIN आणि COS ला कोन अंशांत नव्हे, रेडियनमध्ये लागतो. RADIANS लिहायचं विसरलात तर गेटवे ते शनिवारवाडा हे अंतर जवळपास ६,९०० किमी येतं. ती चूक स्वतःहून ओरडून सांगते. लक्षात ठेवायचं ते एवढंच की RADIANS ने मिनिट-सेकंदांचा प्रश्न सुटत नाही. आधी दशांश अंश, मग रेडियन. क्रम हाच.

दक्षिण आणि पश्चिम

भारतातल्या भारतात अंतर काढताना चिन्हांची काळजी नसते, कारण आपण उत्तरेला आणि पूर्वेला आहोत. परदेशातलं ठिकाण आलं की दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश उणे लिहावे लागतात. सिडनीचं ऑपेरा हाउस ३३°५१′२५″ दक्षिणेला आहे असं धरू. कुणी उणे ३३ घेऊन त्यात मिनिटं-सेकंद मिळवले, तर उत्तर येतं -३२.१४. बरोबर उत्तर आहे -३३.८६. आधी पूर्ण बेरीज करायची आणि शेवटी तिला उणे चिन्ह लावायचं. नाहीतर सिडनी १९० किमी उत्तरेला सरकतं.

लंडनची गंमत आणखी वेगळी. बिग बेनचा रेखांश सुमारे ०°०७′२८″ पश्चिम आहे. अंशांच्या रकान्यात ‘उणे शून्य’ लिहिलं तर शीट त्याचं साधं शून्य करून टाकते, आणि बिग बेन मूळ रेखावृत्ताच्या पलीकडे पूर्वेला जातं. म्हणून दिशेसाठी वेगळा रकाना ठेवणं चांगलं.

समुद्रावर तिसरीच पद्धत

आता सगळ्यात जोखमीची जागा. मच्छीमार बोटींवरच्या जीपीएसमध्ये बहुधा अंश आणि दशांश मिनिटं दिसतात, सेकंद नसतातच. गेटवेचा तोच अक्षांश तिथे १८°५५.३१७′ असा दिसेल. इथे ५५.३१७ ला थेट ६० ने भागायचं, बाकी काही करायचं नाही.

बोटीवरून कुणी हा आकडा वायरलेसवर सांगितला आणि किनाऱ्यावरच्याने तो ५५ मिनिटं ३१.७ सेकंद असा लिहून घेतला, तर बोटीची जागा जवळपास ४०० मीटरने चुकते. रात्री, पाऊस असताना, पाण्यात पडलेला माणूस शोधायचा असेल तर ४०० मीटर खूप झाले. आणि १८.५५३१७ असं लिहून घेतलं, तर शोध ४१ किमी दक्षिणेला सुरू होईल. जीपीएस यंत्राच्या आतून निघणाऱ्या कच्च्या नोंदीत तर हेच 1855.317 असं चिकटवून लिहिलेलं असतं. तिला १०० ने भागून ‘अक्षांश’ मिळाला असं समजणारे कमी नाहीत. त्यातले पहिले दोन अंक अंशांचे असतात, उरलेला आकडा मिनिटांचा. रेखांशाच्या नोंदीत मात्र पहिले तीन अंक अंशांचे, म्हणून ७२ हे तिथे 072 असं दिसतं.

म्हणून आकडा सांगताना ‘अठरा अंश, पंचावन्न दशांश तीन एक सात मिनिटं’ असं एककासह बोलायचं. नुसते अंक सांगायचे नाहीत.

किती अंक ठेवायचे?

उत्तर-दक्षिण दिशेत एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर. त्यामुळे दशांशात पाच अंक ठेवले तरी पुष्कळ झालं, कारण पाचवा अंक एक मीटरच्या आसपासचा आहे. दोनच अंक ठेवून गोळाबेरीज केली तर मात्र अर्ध्या किलोमीटरपर्यंत चूक आत शिरते.

आणि अगदी बरोबर रूपांतर केलं तरी ११६.४ हा आकडा मीटरपर्यंत पक्का नसतो. हॅवरसाइन पृथ्वीला पूर्ण गोल मानतं, ती तर ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. त्यामुळे उत्तरात सुमारे अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे इथे जास्तीत जास्त सहाशे मीटर. किल्ल्यांची यादी करायला हे चालून जातं. जमिनीची हद्द ठरवायची असेल तर हे सूत्र वापरूच नका, मोजणीदाराला बोलवा.