अर्धा गुण नेमका कुठे दडलेला असतो?

दहावीच्या मुलाची उत्तरपत्रिका हातात आली की घरात बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो, ‘इथे गुण का कापला?’ उत्तर बरोबर दिसतं, तरी तीनपैकी दोनच मिळालेले असतात. शिक्षकाकडे त्याचं कारण असतं, पण ते त्यांच्या मार्किंग स्कीममध्ये लिहिलेलं असतं आणि ती स्कीम मुलांसाठी लिहिलेलीच नसते. तपासणाऱ्याने तपासणाऱ्यासाठी केलेलं ते टिपण असतं, तारेच्या भाषेतलं. ‘सूत्र ½, किंमती ½, स्वरूप ½’ एवढं वाचून अनुभवी परीक्षकाला सगळं कळतं. मुलाला त्यातून काहीच हाती लागत नाही.

म्हणून अनेक शिक्षक या स्कीमवरून आदर्श उत्तरं तयार करतात. त्यात कोणता गुण कोणत्या ओळीला मिळाला हे समासात दाखवलेलं असतं. ऐकायला काम सोपं वाटतं, कारण स्कीममधले मुद्दे वाक्यांत लिहायचे आणि पुढे गुण टाकायचे, एवढंच. करायला बसलं की मात्र स्कीममध्ये न लिहिलेले कितीतरी निर्णय समोर येतात, आणि मुलांचे गुण बहुतेक तिथेच अडकलेले असतात.

विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1 मधलं भिंगाचं एक गणित घेऊ. 2 सेमी उंचीची वस्तू 20 सेमी नाभीय अंतराच्या बहिर्गोल भिंगापासून 30 सेमी अंतरावर ठेवली आहे; प्रतिमा कुठे, किती उंचीची आणि कशी मिळेल? प्रश्न तीन गुणांचा. शिक्षकाची स्कीम साधारण अशी असते: सूत्र ½, चिन्हांसह किंमती ½, v = 60 सेमी 1, h2 = −4 सेमी ½, प्रतिमेचं स्वरूप ½. बेरीज तीन. आता या पाच तुकड्यांतल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: कागदावर काय दिसलं की मी हा गुण देईन?

पहिल्या अर्ध्या गुणाला भिंगाचं सूत्र दिसायला हवं. पण मुलाने सूत्र न लिहिता थेट किंमतीच मांडल्या तर? मांडणी बरोबर असेल तर त्याला सूत्र येतं हे उघड आहे, आणि बहुतेक शिक्षक गुण देतात. स्कीममध्ये ते लिहिलेलं नसतं. दुसरा अर्धा गुण ‘किंमतींचा’ म्हटला तरी खरा गुण 30 या आकड्याला नाही, त्याच्या आधीच्या उणे चिन्हाला आहे. आकडे प्रश्नातच दिलेले आहेत. कार्टेशिअन चिन्ह संकेताप्रमाणे वस्तू भिंगाच्या डावीकडे असल्याने u उणे घ्यावा लागतो, हे कळलंय का, ते इथे तपासलं जातं. आदर्श उत्तरात हे शब्दांत सांगितलं नाही तर मूल आकडे नीट उतरवेल, चिन्ह विसरेल आणि गुण कुठे गेला हे त्याला कधीच कळणार नाही.

खरी अडचण तिसऱ्या तुकड्यात आहे. ‘v = 60 सेमी, 1 गुण’ असा अख्खा गुण एका उत्तराला बांधला की त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात: समीकरण सोडवण्याची रीत आणि बरोबर आलेलं उत्तर. चिन्ह चुकवून u = +30 घेतलेलं मूल इथे काय करतं ते पाहा. ते 1/v = 1/20 + 1/30 असं मांडतं, पुढे 1/12 काढतं आणि v = 12 सेमी लिहितं. अपूर्णांकांची बेरीज चोख आहे, चूक मागच्या ओळीतली आहे. पुढे तेच आकडे घेऊन ते विशालन 0.4 काढतं, h2 = 0.8 सेमी म्हणतं आणि प्रतिमा ‘वास्तव, सुलट, लहान’ असल्याचं लिहून मोकळं होतं. स्कीम जशीच्या तशी लावली तर या मुलाला फक्त सूत्राचा अर्धा गुण मिळतो. तोच एक गुण अर्धा रीतीला आणि अर्धा उत्तराला असा विभागला, आणि एका चुकीसाठी एकदाच गुण कापायचा असं ठरवलं, तर सोडवण्याचा अर्धा मिळतो आणि स्वतःच्या आकड्यांवरून उंची बरोबर काढल्याचाही अर्धा मिळतो. स्वरूपाचा मात्र मिळत नाही, कारण एकाच भिंगाने मिळालेली प्रतिमा वास्तव आणि सुलट अशी दोन्ही असू शकत नाही, आणि ही विसंगती मुलाला दिसायला हवी होती. एकूण दीड. कागद तोच आणि चूकही तीच, पण एका टेबलावर अर्धा आणि शेजारच्या टेबलावर दीड.

ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या गणिताच्या मार्किंग स्कीममध्ये हा फरक आधीच केलेला असतो. रीतीचे गुण M या अक्षराने आणि अचूकतेचे A ने दाखवतात. अचूकतेचा गुण सहसा रीतीच्या गुणावर अवलंबून असतो, आणि आधीची चूक पुढे वाहून आली तर कुठे माफ करायची तेही खुणेने लिहिलेलं असतं. आपल्या शाळांत ती अक्षरं वापरायची गरज नाही. पण हा फरक मुलाच्या भाषेत, समासात लिहिता येतो. अशा प्रकारे पुन्हा विभागलेलं उत्तर असं दिसेल:

दिलेले: u = −30 सेमी (वस्तू डावीकडे, म्हणून उणे), f = +20 सेमी, h1 = 2 सेमी … ½ गुण, तो चिन्हांचा

1/v − 1/u = 1/f … ½ गुण

1/v = 1/20 − 1/30 = 1/60 … ½ गुण, तो रीतीचा; मागचं चिन्ह चुकलं तरी इथली आकडेमोड बरोबर असेल तर मिळतो

v = +60 सेमी … ½ गुण, एककासह

विशालन M = v/u = 60/(−30) = −2, म्हणून h2 = M × h1 = −2 × 2 = −4 सेमी … ½ गुण; स्वतःच्या v आणि u वरून बरोबर काढलं तरी मिळतो

प्रतिमा भिंगाच्या दुसऱ्या बाजूला 60 सेमीवर, वास्तव, उलट आणि वस्तूच्या दुप्पट उंचीची … ½ गुण. आकड्यांशी जुळत नसेल तर नाही

एकक एकदाच तपासायचं असं इथे ठरवलं आणि ते v च्या ओळीत ठेवलं. उंचीपुढे सेमी राहिलं तर पुन्हा अर्धा कापायचा नाही. ते h2 ला जोडलं असतं तरी चाललं असतं, पण कुठे जोडलं ते लिहिलेलं हवं. शेवटच्या ओळीत ‘वास्तव, उलट, मोठी’ या तिन्हींना मिळून अर्धा गुण आहे. दोनच लिहिल्या तर? पाव गुण देता येत नाही, म्हणून दोन बरोबर असल्या की अर्धा द्यायचा की तिन्ही हव्यात, हे एकदा ठरवून टाकावं लागतं. मी स्वतः दोनांवर देतो, पण अट अशी की तिसरी चुकीची लिहिलेली नसावी.

‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नांत गोंधळ वेगळ्या प्रकारचा असतो. बल्बचं कुंतल टंगस्टनचं का असतं, असा दोन गुणांचा प्रश्न आहे. स्कीममध्ये असतं: ‘उच्च द्रवणांक / जास्त तापमानाला वितळतो – 1, तापून प्रकाश देतो – 1.’ तिथली तिरपी रेघ ‘किंवा’ म्हणून आहे, म्हणजे दोन्हींपैकी काहीही चालेल. पण घाईत लिहिलेल्या आदर्श उत्तरात दोन्ही वाक्यं एकापाठोपाठ येतात, आणि मुलाला वाटतं की दोन्ही लिहिल्याशिवाय गुण नाही. मग ते एकच गोष्ट दोनदा लिहून दोन गुणांची वाट पाहतं. त्यामुळे उत्तरात एकच शब्दप्रयोग वापरायचा आणि खाली वेगळ्या ओळीत ‘“वितळण्याचं तापमान जास्त” असं लिहिलं तरी चालेल’ अशी टीप द्यायची.

याच प्रश्नात सगळ्यात जास्त आढळणारं उत्तर आहे ‘कारण टंगस्टनचा द्रवणांक उच्च असतो’. ते बरोबर आहे, पण एका गुणाचं आहे. दुसरा गुण साखळी जुळवण्याला आहे: विद्युतधारा गेली की कुंतल खूप तापतं, त्या तापमानाला ते प्रकाश देतं, आणि टंगस्टन सुमारे 3400 अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नसल्याने ते टिकतं. हे मुलाला पटवायचं असेल तर पूर्ण उत्तराशेजारी एका गुणाचं उत्तरही ठेवावं. दोन्ही एकाखाली एक वाचली की कोणतं वाक्य कमी पडलं ते डोळ्यांनाच दिसतं. ‘सविस्तर लिहा’ या सल्ल्याने ते होत नाही, कारण मूल मग टंगस्टनची तार कशी काढतात, तो किती कठीण असतो असं बरंच काही लिहितं आणि तरी एकाच गुणावर थांबतं.

आदर्श उत्तर लिहिताना शिक्षकाचाही एक मोह असतो. आपल्याला जे जे माहीत आहे ते सगळं त्यात घालावंसं वाटतं. दोन गुणांच्या प्रश्नाला दहा ओळींचं उत्तर तयार होतं, त्यातल्या सहा ओळींना गुणच नसतो आणि मुलं त्या सहा ओळीही पाठ करतात. हे ओळखायला सोपी युक्ती आहे. एकेक वाक्य बोटाने झाकायचं आणि उरलेल्या उत्तराला स्कीमप्रमाणे गुण द्यायचे. गुण कमी झाले नाहीत तर ते वाक्य काढायचं, किंवा समजण्यासाठी हवंच असेल तर समासात तसं लिहायचं. उलटही तपासायचं: समासातल्या गुणांची बेरीज प्रश्नाच्या गुणांइतकी आहे ना? ही चूक फार वेळा होते, विशेषतः ‘कोणतेही दोन’ असं असताना तीन मुद्दे लिहून तिन्हींपुढे एकेक गुण टाकला जातो तेव्हा.

केंद्रीय मंडळ आपल्या मार्किंग स्कीमसोबत परीक्षकांना दिलेल्या सूचनांत स्पष्ट सांगतं की त्यातले मुद्दे मार्गदर्शनापुरते आहेत आणि विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत बरोबर लिहिलं तर योग्य ते गुण द्यायचे. हे वाक्य आदर्श उत्तरांच्या पहिल्या पानावर मुलांसाठीही असायला हवं. ते नसलं तर समासात गुण दिसले की मुलांना वाटतं, हेच शब्द हवेत. गुण शब्दांना नाही, मुद्द्याला आहे.

मराठीच्या निबंधाला ही पद्धत लावू नये. तिथे एका वाक्याला अर्धा गुण असं काही नसतं, एकूण मांडणी, विचार आणि भाषा पाहून गुण दिले जातात. ‘इथे 1 गुण’ असं लिहिलं तर ते मुलांना दिशाभूल करणारं ठरेल. तिथे दोन-तीन वेगवेगळ्या दर्जाचे निबंध शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक बोलून दाखवणं जास्त उपयोगी पडतं.

गणित-विज्ञानाचं उत्तर तयार झालं की ते वापरात आणण्याआधी एकदा तपासावं. राज्य मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, किंवा वर्गातल्या सराव परीक्षेचे नाव झाकलेले दोन-चार कागद घेता येतात. ते कागद आणि समासातले गुण एवढंच दुसऱ्या शिक्षकाला द्यायचं, तोंडी काहीही सांगायचं नाही. दोघांचे गुण जिथे जुळत नाहीत, ती ओळ पुन्हा लिहायची. मुलांनाही तेच करू द्यावं, एकमेकांच्या उत्तरांना त्यांनीच गुण द्यावेत. भिंगाच्या गणितात दोन मुली ‘सुलट’ वरून भांडतात आणि एक दुसरीला उणे चिन्ह दाखवून अर्धा गुण नाकारते, तेव्हा स्वरूपाच्या ओळीतली टीप पुरेशी स्पष्ट आहे की नाही ते लगेच समजतं.