मेहुण्याला गेलेला आंब्याचा भाव

माझा मावसभाऊ देवगडचा आंबा बागायतदार. एप्रिलमध्ये तो दिवसभर बागेत असतो, आणि बागेत इंटरनेट म्हणजे नशिबाचा खेळ. साधा मेसेज मात्र पोचतो. जुनी गिऱ्हाइकं त्यामुळे 'भाव?' एवढंच पाठवतात, आणि उत्तर मिळतं ते रात्री हात धुतल्यावर. तोवर निम्म्यांनी दुसरीकडे पेटी सांगितलेली असते. म्हणून गेल्या हंगामात मी त्याच्या फोनवर टास्कर बसवून दिलं. हे अँड्रॉइडवरचं विकतचं ॲप आहे. अमुक घडलं की तमुक कर, असं फोनला सांगून ठेवता येतं.

मांडणी दोनच पायऱ्यांची. नवं प्रोफाइल उघडून घटना निवडायची `Received Text`, आणि तिच्यातल्या `Content` या रकान्यात शब्द लिहायचा. मग कृती निवडायची `Send SMS`. नंबराच्या जागी `%SMSRF` लिहायचं, म्हणजे ज्याचा मेसेज आला त्याचाच नंबर. खाली उत्तराचा मजकूर. मेसेज वाचायची आणि पाठवायची परवानगी द्यायची, बॅटरी वाचवण्याच्या यादीतून ॲप वगळायचं, की झालं.

झालं असं मला वाटलं. रकान्यात मी `*भाव*/*rate*` लिहिलं होतं. टास्करच्या भाषेत चांदणी म्हणजे 'इथे काहीही चालेल' आणि तिरकी रेघ म्हणजे 'किंवा'. दुसऱ्याच दिवशी मेहुण्याचा मेसेज आला, 'भावोजी, उद्या सकाळी पोचतो.' त्याला उलट टपाली पाच डझनाच्या पेटीचा दर गेला! 'भावोजी'च्या पोटात 'भाव' आहे, तसा तो 'स्वभावा'तही आहे आणि 'प्रभावा'तही. कर्जाच्या जाहिरातीतल्या 'interest rate'लाही फोन इमानदारीने उत्तर द्यायला धावायचा. त्या जाहिराती नंबरावरून नाही, अक्षरी नावावरून येतात. त्यांना उत्तर जातच नाही, नुसती पाठवणी फसल्याची खूण उरते.

चांदण्या काढल्या की अख्खा मेसेज जुळावा लागतो. पण मग 'भाव काय?' सुटतो, आणि कीबोर्डाने शेवटी आपणहून घातलेली मोकळी जागाही आडवी येते. शेवटी हे ठरलं:

```
भाव/भाव */भाव?/bhav/bhav */bhav?
```

'भाव' आणि त्यापुढे मोकळी जागा असेल तरच पुढचं काहीही चालेल. भावोजी बाहेर. रोमन शब्द मुद्दाम लहान लिपीत ठेवलाय, कारण नमुन्यात एक जरी मोठं अक्षर आलं तरी टास्कर अक्षराला अक्षर ताडून बघतं. `Bhav` लिहिलं असतं तर `bhav` पाठवणारा ताटकळला असता.

दुसरा घोळ रात्रीचा. वाशीच्या एका व्यापाऱ्याच्या फोनवरही असंच आपोआप उत्तर लावलेलं, 'भाव थोड्या वेळाने कळवतो.' आमच्या फोनने दर पाठवला, त्यांच्या फोनने हे उत्तर दिलं, आमच्या फोनने त्यात 'भाव' पाहिला. धनी झोपलेले आणि दोन फोन भांडतायत! थोड्या वेळात फार मेसेज जायला लागले की अँड्रॉइड ॲपला अडवून पडद्यावर परवानगी मागतं, तेवढ्यावर निभावलं.

प्रोफाइलला `Cooldown Time` देता येतो, पण त्या वेळात दुसऱ्या गिऱ्हाइकालाही उत्तर जात नाही. त्यापेक्षा ज्याला उत्तर दिलं त्याचा नंबर नोंदवून ठेवावा. `Send SMS`ला अट घातली:

```
%Dilele !~ *%SMSRF*
```

आणि त्यानंतर `Variable Set`ने `%Dilele`मध्ये `,%SMSRF` जोडायला लावलं. तिथे `Append`वर खूण हवी, नाहीतर आधीची यादी पुसते. मध्यरात्री वेगळं प्रोफाइल ही यादी रिकामी करतं. एका नंबराला दिवसाला एकच उत्तर.

मजकूर आखडता ठेवावा लागतो. रोमन अक्षरांत एका मेसेजमध्ये 160 खुणा बसतात, देवनागरीत 70, आणि काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. 'हापूस' हे तीन अक्षरांचं नाव पाच जागा खातं. मजकूर लांबला की दोन मेसेज धरले जातात, आणि त्याच्या पॅकमध्ये दिवसाला शंभरच. 'नमस्कार, आपल्या विचारणेबद्दल आभारी आहोत' हे भावाचं आवडतं वाक्य मी त्याच्या नाराजीवर काढलं.

एक गिऱ्हाईक तरी 'उत्तरच येत नाही' म्हणत राहिलं. मेसेज तर समोर दिसत होता. कारण पाठवायच्या चौकटीत होतं: तिथे 'RCS' असं फिकट लिहिलेलं. दोन्हीकडे ही सोय चालू असली की मेसेज इंटरनेटवरून चॅट म्हणून येतो. दिसायला तसाच, पण तो एसएमएस नसल्यामुळे `Received Text`ला त्याचा पत्ताच लागत नाही. मेसेजच्या ॲपच्या सेटिंगमधून मी भावाच्या फोनवरचं आरसीएस बंद केलं. सुनेने पाठवलेले नातवाचे फोटो त्याच चॅटवर यायचे, हे मला त्याने दोन दिवसांनी फोन करून ऐकवलं. आता भावासाठी एक जुना फोन वेगळा ठेवलाय, खळ्यातल्या खुंटीला चार्जिंगला लावून.