सुकन्याच्या पासबुकातलं वर्ष

बीड जिल्ह्यातलं एक ऊसतोड कुटुंब डोळ्यांपुढे आणा. मुलगी दोन वर्षांची असताना, 2018 च्या जुलैत, त्यांनी पोस्टात तिच्या नावानं सुकन्या समृद्धीचं खातं उघडलं. त्याच महिन्यात सरकारनं वर्षाची किमान रक्कम 1,000 वरून 250 रुपयांवर आणली होती, म्हणून हिंमत झाली. कारखान्यावरून परतलं की हिशेब होतो, हातात चार पैसे असतात, तेव्हा मुलीचे पैसे भरायचे असा घरचा शिरस्ता पडला. 2021 साली ते 27 मार्चला भरले. पुढच्या हंगामात ऊस इतका झाला की मराठवाड्यात मे महिन्यातही फड उभे होते. कुटुंब घरी आलं मेच्या मध्यावर, आणि 20 मे 2022 रोजी बाप 5,000 रुपये घेऊन पोस्टात गेला. खिडकीवर उत्तर मिळालं: ‘‘खातं डिफॉल्टमध्ये गेलंय, दंड पडेल.’’

त्याला ते पटणं कठीणच. 2021 मध्ये भरले, 2022 मध्येही भरतोय, मग चुकलं कुठलं वर्ष? पासबुक समोर धरून तारखा वाचल्या की उत्तर सापडतं. पासबुकातलं वर्ष दिवाळीचं नाही, जानेवारीचं नाही आणि खातं उघडल्याच्या तारखेपासूनचंही नाही. ते 1 एप्रिल ते 31 मार्च. 27 मार्च 2021 चा भरणा 2020-21 मध्ये गेला आणि 20 मे 2022 चा 2022-23 मध्ये. मधलं 2021-22 हे अख्खं वर्ष कोरं राहिलं. त्या वर्षात एकच नोंद आहे, 31 मार्च 2022 ची, आणि ती व्याजाची. इथेच अनेकांची फसगत होते. पासबुकात रक्कम वाढलेली दिसते, म्हणून वर्ष भरलं असं वाटतं. पण व्याज म्हणजे भरणा नव्हे. खात्यात पन्नास हजार व्याज जमा झालं, तरी स्वतःहून किमान 250 रुपये भरले नसतील तर ते वर्ष चुकलेलंच.

दंड मात्र घाबरावा असा नाही. चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे किमान 250 रुपये आणि दंडाचे 50, असे 300 भरले की ते वर्ष नियमित होतं. चालू वर्षाचे किमान 250 वेगळे भरायचेच असतात. या कुटुंबाचं एक वर्ष चुकलं होतं, म्हणून नेलेल्या 5,000 मधले 50 सरकारच्या खाती गेले आणि 4,950 मुलीच्या खात्यात चढले. त्यांतल्या 250 नी जुनं वर्ष भरून निघालं, उरलेले 4,700 चालू वर्षाचे. भरणा-पावतीवर दंड वेगळा मांडलेला आहे का, एवढं तिथल्या तिथे पाहून घ्यावं. नाहीतर पासबुकात 50 रुपये कमी का दिसतात याचा घोळ घरी गेल्यावर सुरू होतो.

खातं उघडल्यापासून पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत असं नियमित करता येतं. या मुलीच्या बाबतीत जुलै 2033 पर्यंत. डिफॉल्ट झालं की खातं बुडालं, किंवा व्याज बंद झालं, अशी एक समजूत गावोगाव आहे. तिच्या पोटी काही आईबाप पुन्हा पोस्टाची पायरीच चढत नाहीत, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं. जुन्या नियमांत त्या भीतीला थोडा आधार होता. नियमित न केलेल्या खात्याला साध्या बचत खात्याचा दर मिळे. डिसेंबर 2019 च्या नियमांनी तो भाग बदलला. आता नियमित न केलेल्या खात्यातल्या रकमेलाही ते बंद होईपर्यंत योजनेचाच दर मिळतो.

आता व्याजाची ओळ. 31 मार्च 2021 ला या खात्यात व्याज धरून 15,000 रुपये होते असं समजू. तेव्हा दर होता 7.6 टक्के. वर्षभर काहीच भरलं नाही, म्हणून हिशेब सरळ: 1,140 रुपये व्याज, आणि 31 मार्च 2022 ला शिल्लक 16,140. चुकलेल्या वर्षातही हे व्याज पूर्ण मिळालं, हे लक्षात घ्या.

पुढच्या वर्षाचा हिशेब जरा बारीक आहे. व्याज महिन्यामहिन्याला मोजतात आणि जमा वर्षाअखेर एकदाच करतात. मोजताना त्या महिन्याच्या 5 तारखेचं कामकाज संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तीच धरतात. म्हणजे 5 तारखेपर्यंत आलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज मिळतं, 6 तारखेला आलेल्याला नाही. 20 मेच्या 4,950 रुपयांना मे मिळाला नाही, एप्रिल तर आधीच गेला होता. म्हणून एप्रिल आणि मेला 16,140 धरायचे, जून ते मार्च या दहा महिन्यांना 21,090. या बारा आकड्यांची बेरीज 2,43,180 होते. तिला 7.6 ने गुणून 1,200 ने भागलं की 1,540 रुपये येतात. 31 मार्च 2023 च्या नोंदीत जवळपास एवढाच आकडा दिसायला हवा. हेच 4,950 रुपये मार्चअखेर आले असते, तर दोन महिन्यांचे साधारण 63 रुपये आणखी मिळाले असते. म्हणजे दंडापेक्षा उशीरच महाग पडला! चुकलेल्या वर्षाचे पैसे नंतर भरले म्हणून मागच्या तारखेपासून व्याज मिळत नाही. ज्या दिवशी भरले त्या दिवसापासूनच ते मोजणीत येतात. चेकनं भरत असाल तर चेक दिल्याची नव्हे, वटल्याची तारीख धरली जाते. महिन्याच्या 3 तारखेला दिलेला चेक 7 ला वटला, तर तो महिना गेला.

दर तिमाहीला सरकार व्याजदर जाहीर करतं. 2015-16 मध्ये तो 9.2 टक्के होता, एप्रिल 2020 पासून तीन वर्षं 7.6 राहिला आणि जानेवारी 2024 मध्ये 8.2 झाला. वर्षात मध्येच दर बदलला असेल, तर त्या त्या महिन्यांना तो तो दर लावून हिशेब करावा लागतो. पासबुकातला आकडा जुळत नाही असं वाटलं, तर आधी हे तपासावं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी हे पैसे परतल्यावर भरण्याऐवजी निघण्याआधी भरावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दसऱ्याच्या आसपास मुकादमाकडून उचल हातात येते. तिच्यातले 250 तेव्हाच पोस्टात टाकले की 31 मार्चला कुठल्याही फडावर असा, वर्ष सुटत नाही. उरलेले घरी आल्यावर भरावेत, 50 च्या पटीत, आर्थिक वर्षात दीड लाखाच्या आत. फोन असणाऱ्यांना पोस्ट पेमेंट्स बँकेच्या ॲपवरूनही भरता येतात. पण मग पासबुकात नोंद आपोआप येत नाही; ती जाऊन करून घ्यावी लागते.

खेड्यातल्या शाखा डाकघरात भरणा करणाऱ्यांनी एक गोष्ट पाळावी. तिथे पासबुकात नोंद हातानं होते आणि तारखेचा शिक्का बसतो. व्याजाच्या नोंदीसाठी पासबुक वरच्या डाकघरात पाठवलं जातं. ते देताना पासबुक घेतल्याची पावती मागून घ्यावी. हाताची नोंद आणि संगणकातली शिल्लक एकच आहे का, हे ताडून पाहायची हीच वेळ. एप्रिल-मेमध्ये त्याच वरच्या डाकघरातून खात्याचा उतारा मागावा आणि त्यावरचा एकेक भरणा पासबुकातल्या शिक्क्याशी लावून पाहावा. पासबुकात असलेला भरणा उताऱ्यात नसेल, तर त्याच दिवशी पोस्टमास्तरकडे लेखी तक्रार द्यावी, पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स जोडून.