नोकरी गेली, गृहकर्जाचं काय?

नोकरी गेल्यावर बरेच जण गृहवित्त कंपनीचे फोन टाळतात. खरं तर पहिला हप्ता चुकण्याआधीच लेखी अर्ज द्यायला हवा. त्यात नोकरी कधी गेली, हातात किती शिल्लक आहे, घरात दुसरं उत्पन्न किती, हे खरं लिहावं. सोबत कार्यमुक्तीचं पत्र आणि बँकेचं खातेविवरण जोडावं. लपवलेली ठेव त्या विवरणात दिसतेच आणि मग बाकीच्या अर्जावरचाही विश्वास उडतो.

नेमकं काय मागायचं? समजा, 9 टक्के व्याजाने 25 लाख बाकी आहेत, मुदत 15 वर्षं. हप्ता सुमारे 25,350 रुपये. मुदत 20 वर्षं केली तरी तो साधारण 22,500 वरच येतो. सहा महिने फक्त व्याज भरायची सवलत मिळाली, तर महिना 18,750. जोडीदाराच्या पगारातून तेवढं निघत असेल, तर तसं स्पष्ट लिहा.

मंजुरी कंपनीच्या हाती असते, पुनर्रचनेची नोंद पतअहवालात राहते आणि एकूण व्याजही वाढतं. तरीही थकबाकीपेक्षा हे बरं. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक ठरतं. अर्ज त्याआधीच द्या आणि पोच घ्या.